जीडीएम होता, आता शुगर नॉर्मल आहे. मग दीड महिन्यानंतर परत जीटीटी कशाला?

रानजाई
नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, कारण एका हाताने टाइप करतेय आणि दुसऱ्या हातावर लेक झोपलीय.

सहाव्या महिन्यात गोड पाणी पाजून केलेल्या तपासणीत माझी शुगर १६४ आली, म्हणजे जीडीएम, गरोदरपणातला डायबेटिस. आधी पथ्यावर भागलं, पण शेवटचे पाच आठवडे रात्री ८ युनिट इन्सुलिन घ्यावं लागलं. बाळंतपण माहेरी नाशिकला झालं, लेक ३ किलो १०० ग्रॅमची, सगळं व्यवस्थित. तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी बोटातून बघितली तर उपाशीपोटी ८८. इन्सुलिन बंद. आमच्या मावशींनी लगेच जाहीर केलं, "वार पडली की शुगर पडली!" आणि डिंकाचा लाडू हातात ठेवला.

काल फाइल चाळताना डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ दिसली : सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम जीटीटी. म्हणजे उपाशीपोटी रक्त देऊन ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि दोन तासांनी परत शुगर बघायची. तोंडी कुणी काही बोललं नव्हतं. आता सात आठवडे होत आलेत. आई म्हणते, तान्हं लेकरू घेऊन दोन तास लॅबमध्ये कशाला बसायचं, शुगर गेली ना? मलाही पुन्हा ते गोड पाणी नकोसं वाटतंय. घरी येऊन रक्त नेणाऱ्यांचं एक पॅकेज आहे, त्यात उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए१सी दोन्ही आहेत. तेवढ्यावर भागेल का? आणि हे असं किती वेळा करायचं असतं?

कट्टेकरी
काळजी करू नका. आमच्या चिरंजीवांची पण जन्मल्यावर टाचेतून रक्त काढून शुगर बघितली होती. पहिली कमी आली, दूध पाजल्यावर वर गेली, दुसऱ्या दिवसापासून बघणंही बंद केलं. आता सात वर्षांचा आहे आणि घर डोक्यावर घेतो. बाळाला परत टोचायची गरज नसावी.

रानजाई
अहो दादा, बाळाची नाही, माझी तपासणी. :)

कट्टेकरी
अरे हो की. वाचनाचा दोष. पण मग आमच्या सौंची परत केलीच नव्हती कुणी. तिलाही होता डायबेटिस त्या वेळी.

सदाशिव_पेठकर
सोपं उत्तर आहे. एचबीए१सी करा, तीन महिन्यांची सरासरी एका थेंबात कळते. मी स्वतः बारा वर्षं डायबेटिक आहे, दर तीन महिन्यांनी तेवढीच करतो. जीटीटी वगैरे जुन्या काळातल्या गोष्टी. आणि वय लहान असताना एवढं टोचून घेऊ नये.

गवतीचहा
मी मेडिसिनची डॉक्टर, कोल्हापुरात प्रॅक्टिस करते. ओपीडी आटोपून लिहितेय, थोडं सावकाश सांगते.

रानजाई, तुझ्या मावशींचं वाक्य निम्मं खरं आहे, आणि निम्मं खरं असल्यामुळेच घोटाळा होतो. वारेतून येणारी हार्मोन्स आईच्या शरीरात इन्सुलिनला दाद लागू देत नाहीत. बाळाला साखर मिळत राहावी म्हणून निसर्गानेच केलेली ही सोय. प्रत्येक गरोदर बाईचं स्वादुपिंड यावर उतारा म्हणून नेहमीच्या दुप्पट-तिप्पट इन्सुलिन सोडतं. बहुतेकींना ते जमतं, म्हणून त्यांना कळतही नाही. तुला जमलं नाही. वार पडली, ओझं उतरलं, दोन-तीन दिवसांत शुगर खाली आली. यात नवल काहीच नाही.

पण ओझं उतरलं म्हणून बैल तरणा झाला असं होत नाही. स्वादुपिंड जे कमी पडत होतं ते गरोदरपणात अचानक कमी पडायला लागलेलं नसतं. बहुतेक बायकांमध्ये ती कमतरता आधीपासून थोडी असतेच, नऊ महिन्यांच्या चढावर ती उघडी पडते. तिसऱ्या दिवशीचे ८८ एवढंच सांगतात की सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीला, बैल चालतोय. जीटीटीत आपण मुद्दाम ७५ ग्रॅमचं ओझं टाकून बघतो.

उपाशीपोटीची एकटी का पुरत नाही, तेही यातच आलं. आपल्या लोकांत बऱ्याचदा आधी बिघडते ती खाल्ल्यानंतरची शुगर, उपाशीपोटीची पुढे काही वर्षं सभ्य राहते. अशा बाईला फक्त सकाळचं रक्त बघून "नॉर्मल" म्हटलं तर ती निर्धास्त घरी जाते.

सदाशिवकाका, तुमच्यासाठी एचबीए१सी योग्यच आहे, तुमचं निदान झालेलं आहे आणि रक्ताची उलथापालथ नाही. बाळंतिणीचं तसं नसतं. ही तपासणी लाल पेशींवर चिकटलेली साखर मोजते आणि त्या पेशी साधारण चार महिने जगतात. सहाव्या-सातव्या आठवड्याला तिच्या अंगातल्या निम्म्याहून जास्त पेशींनी गरोदरपण बघितलेलं असतं. मधे बाळंतपणात रक्त गेलेलं, वर लोहाच्या गोळ्या चालू. त्या सरासरीत नेमकं कशाचं काय मिसळलंय ते मलाही सांगता येणार नाही.

सदाशिव_पेठकर
हिमोग्लोबिन कमी असलं की एचबीए१सी कमी येतो एवढं मलाही ठाऊक आहे. मग थोडा वाढवून वाचायचा.

गवतीचहा
तेच तर करता येत नाही, काका. रक्तस्राव झाला किंवा लोह सुरू केल्यावर नव्या पेशी भराभर आल्या तर आकडा कमी दिसतो, कारण नव्या पेशींवर साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो. पण उपचार न केलेल्या लोहाच्या कमतरतेत पेशी जास्त दिवस रेंगाळतात आणि आकडा उलट जास्त दिसू शकतो. एकाच बाईत दोन्ही एकामागून एक घडतं. किती वाढवून वाचायचा नि किती कमी करून, याचा हिशेब कुणाकडे नाही.

लेस्टरची_माई
इथे इंग्लंडमध्ये मात्र मला जीटीटी केलीच नाही. सहा ते तेरा आठवड्यांच्या मधे फक्त उपाशीपोटीची शुगर. तेरा आठवडे उलटून गेले असतील तर एचबीए१सी चालतो म्हणाले. आणि त्यानंतर दर वर्षी जीपीकडून मेसेज येतो, "तुमची वार्षिक रक्ततपासणी बाकी आहे". मी पाच वर्षं न चुकता जाते. मग डॉक्टरताई, इथले लोक चुकतायत का?

गवतीचहा
चुकतायत असं नाही म्हणणार. त्यांची मार्गदर्शक तत्त्वं तशीच आहेत. दोन तासांच्या तपासणीला बायका येतच नाहीत हा अनुभव सगळीकडचा आहे, तेव्हा न होणाऱ्या चांगल्या तपासणीपेक्षा होणारी साधी बरी, असा त्यामागचा व्यवहार. पहिल्या वेळी काही जणी निसटतील, पण दर वर्षी बोलावताय म्हटल्यावर पुढे सापडतील. अमेरिकेतली संघटना मात्र ४ ते १२ आठवड्यांत जीटीटीच करा म्हणते आणि नॉर्मल आली तरी दर १ ते ३ वर्षांनी तपासणी, तीही आयुष्यभर. आपल्या केंद्र सरकारच्या सूचनाही सहा आठवड्यांना ७५ ग्रॅमचीच आहेत.

माझं मत विचाराल तर माई, तुमच्याकडे वर्षाला मेसेज पाठवणारं कुणीतरी आहे. इथे रानजाईला कोण पाठवणार? ती पुण्याला परत जाईल, डॉक्टर बदलतील, फाइल नाशिकलाच राहील. एकदाच हाती लागणार असेल तर मी तरी पूर्ण तपासणी करून घेईन.

मीठभाकर
एरवी मी इथे फक्त वाचते, पण आज लिहिते.

माझं पहिलं बाळंतपण २०१६ ला सोलापुरात. जीडीएम होता, पथ्यावरच निभावलं. सहा आठवड्यांची जीटीटी मी केली होती बरं का. उपाशीपोटी ८९, दोन तासांनी १२६. डॉक्टर म्हणाले, "एकदम नॉर्मल, विसरून जा." आणि मी विसरले.

पुढच्या सहा वर्षांत एकदाही शुगर बघितली नाही. बघणार कशासाठी? तहान नाही, वजन उतरलं नाही, पाय दुखले नाहीत. एकच गोष्ट व्हायची, खाली खाज आणि पांढरं जाणं. वर्षातून तीन-चारदा. दर वेळी मलम आणि गोळ्या देऊन घरी पाठवायचे, मलाही वाटायचं उन्हाळा आहे. २०२२ मध्ये दुसऱ्यांदा दिवस गेले. नवव्या आठवड्याला नाव नोंदवायला गेले तर उपाशीपोटी १५८, एचबीए१सी ८.४. म्हणजे हा गरोदरपणातला डायबेटिस नव्हताच, आधीपासून घरात ठाण मांडून बसलेला होता.

त्यानंतरचे तीन महिने मी कसे काढले ते मलाच माहीत. डॉक्टरांनी सांगितलं की बाळाचं हृदय, पाठीचा कणा पहिल्या दोन महिन्यांतच आकार घेतात, आणि ते दोन महिने तर होऊन गेले होते. विसाव्या आठवड्याला सोनोग्राफी, नंतर बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफी. दिवसाला चार वेळा इन्सुलिन. मुलगा चांगला आहे, देवाची कृपा. पण मला आज गोळ्या चालू आहेत, त्या बहुधा कायमच्या.

तेव्हा "विसरून जा" हे दोन शब्द सोडून ते डॉक्टर वाईट नव्हते.

कट्टेकरी
हे वाचून सौंना दाखवलं. तिचं बाळंतपण सात वर्षांपूर्वीचं. तिनेही तसंच म्हटलं, खाज वगैरेचं. अचानक गप्प झाली.

गवतीचहा
मीठभाकर, नेमका मुद्दा मांडलात. पहिली जीटीटी नॉर्मल आली की लोक तिला दाखला समजतात. तिच्यावर तारीख असते. दुधाच्या पिशवीवर असते तशी.

२०२० मध्ये बऱ्याच देशांतले अभ्यास एकत्र करून, १३ लाखांहून जास्त स्त्रियांचा हिशेब मांडला गेला. जीडीएम झालेल्या स्त्रियांना पुढे टाइप टू डायबेटिस होण्याचा धोका, जीडीएम न झालेल्यांच्या जवळपास दहापट निघाला. दहापट म्हणजे प्रत्येकीला होणारच असं नाही, आणि उद्याच होईल असंही नाही. काहींना सहा आठवड्यांतच दिसतो, बऱ्याच जणींना पहिल्या पाचेक वर्षांत, काहींना पन्नाशीत. कोण कुठल्या रांगेत आहे हे एका तपासणीवरून ओळखता येत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा बघायचं. वजन वाढणं, पुढचं बाळंतपण, वय, यातल्या प्रत्येकाने त्या कमकुवत स्वादुपिंडावर थोडं थोडं ओझं चढत जातं.

आणि पुढचं मूल हवं असेल तर दिवस राहिल्यावर नाही, प्रयत्न सुरू करण्याआधी तपासायचं. मीठभाकर यांच्या अनुभवात तेच राहून गेलं.

कट्टेकरी, वहिनींची या आठवड्यात करा. सात वर्षं झालीत, आता एचबीए१सी आणि उपाशीपोटीची दोन्ही करून सुरुवात करायला हरकत नाही. रक्त कमी नसेल तर.

सिरिंजवाला
लॅबमध्ये सतरा वर्षं रक्त काढतोय. डॉक्टरताईंनी काय करायचं ते सांगितलं, कसं बिघडतं ते मी सांगतो.

एक, तपासणीआधी तीन दिवस नेहमीसारखं जेवा. पोळी, भात सगळं. बऱ्याच ताई "रिपोर्ट चांगला यावा" म्हणून तीन दिवस भात-पोळी बंद करून येतात आणि रिपोर्ट उलट वाईट येतो. साखर हाताळायची शरीराची सवयच मोडलेली असते. रात्रीचं जेवण झालं की सकाळपर्यंत किमान आठ तास फक्त पाणी. सकाळचा चहा बिनसाखरेचासुद्धा नको, दुधात साखर असतेच.

दोन, ग्लुकोज आमच्याकडचं प्या, घरून डबी आणू नका. बाजारातल्या पुड्यांवर वजन एक असतं आणि आत पाण्याचा अंश धरलेलं ग्लुकोज असतं. तसल्या पावडरचे साडेब्याऐंशी ग्रॅम घेतले तर खरे ७५ ग्रॅम होतात. एका ताईंनी घरून शंभर ग्रॅमचा पुडा आणला आणि "अंदाजे पाऊण" ओतला. अशा अंदाजावर पुढचं सगळं चुकतं. ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत संपवायचं. लिंबू पिळलं तर मळमळ कमी होते, आम्ही पिळून देतो. उलटी झाली तर लपवू नका, तो दिवस गेला, दुसऱ्या दिवशी या.

तीन, घड्याळ पहिल्या घोटापासून सुरू होतं. त्या दोन तासांत बाजारात चक्कर मारून यायचं नाही. चालल्याने शुगर खाली जाते आणि आकडा खोटा छान येतो. बसून राहायचं. बाळाला पाजायला काही हरकत नाही, आमच्याकडे पडद्याआड खुर्ची आहे.

चार, रक्त करड्या टोपणाच्या बाटलीत घेतलं का ते बघा. त्यात पेशींना साखर खाऊ न देणारं औषध असतं. साध्या बाटलीत रक्त तसंच राहिलं तर तासागणिक शुगर थोडी थोडी उतरत जाते. घरून रक्त नेणारा पोरगा दहा घरं करून दुपारी लॅबला पोचतो, तेव्हा बाटली कुठली होती हा प्रश्न विचारायलाच हवा.

मीठभाकर
हे करड्या टोपणाचं आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

एएनएम_ताई
मी उपकेंद्रात काम करते. आमच्याकडच्या बायांना मी एकच सांगते : बाळाचे दीड महिन्याचे डोस असतात ना, त्याच दिवशी उपाशी या. बाळाला टोचायला आणताच, तेव्हा तुमचंही होऊन जातं. वेगळा दिवस काढायला सांगितला की सासू परवानगी देत नाही, नवरा कामावर असतो, एसटीचे पैसे जातात. माझ्या गावातल्या सगळ्या येतात असं नाही. माहेरी बाळंत झालेली बाई डोसाला सासरी परत गेलेली असते, तिची वही माझ्याकडे आणि ती दुसऱ्या तालुक्यात. तिचं पुढे काय होतं ते मला कळत नाही.

रानजाई
मंडळी, केली! लेकीच्या डोसाच्या दिवशीच केली, एएनएम ताईंचं वाचून. (डोस आठवडाभर लांबला होता, तिला सर्दी होती.) आई आली बरोबर, पूर्ण दोन तास कुरकुरत. लिंबू पिळून घेतलं. करडं टोपण तपासलं, तिथला मुलगा माझ्याकडे बघतच राहिला.

उपाशीपोटी ९३. दोन तासांनी १७१.
हिमोग्लोबिन ९.६. पॅकेजवाल्यांचा एचबीए१सी मी हट्टाने वेगळा केला होता, तो ५.५.

आता घाबरायचं का? गरोदरपणात तर उपाशीपोटी ९२ च्या वर चालत नाही म्हणायचे, मग ९३ म्हणजे तेही वाढलेलंच का?

सदाशिव_पेठकर
५.५ म्हणजे नॉर्मल. ९३ पण नॉर्मल. एकाच आकड्यासाठी जीव टांगणीला लावू नये.

गवतीचहा
थांबा, एकेक घेऊ.

९३ सोडून दे. ९२ ची रेघ गरोदरपणासाठी होती, बाळाच्या हिशेबाने कडक केलेली. आता तुला नेहमीच्याच रेघा लागू : उपाशीपोटी १०० च्या आत नॉर्मल, १२६ आणि वर डायबेटिस. तू नॉर्मल.

५.५ वर मी विश्वास ठेवत नाही. हिमोग्लोबिन ९.६ आहे, लोह चालू आहे, नुकतंच बाळंतपण झालंय. आकडा खरा असेलही, पण तो खरा आहे हे सांगायला माझ्याकडे आधार नाही.

राहिले १७१. दोन तासांनी १४० च्या आत नॉर्मल, २०० आणि वर डायबेटिस. तू मधल्या पट्ट्यात आहेस. डायबेटिस नाही, पण ओझं टाकल्यावर बैल धापा टाकतोय. काका, पॅकेजवर भागवलं असतं तर हिला दोन नॉर्मल आकडे मिळाले असते आणि तिने २०१६ साली मीठभाकर विसरल्या तसं विसरून टाकलं असतं. फरक एवढाच की त्यांची तपासणी त्या वेळी खरंच नॉर्मल होती, हिची आज नाही.

पुढचं असं. हा पट्टा एका जागी राहत नाही, काही जणी परत नॉर्मलला येतात, काही पुढे सरकतात. म्हणून तुला तीन वर्षांची सवलत नाही, दर वर्षी तपासणी. पुढच्या वर्षी शक्यतो परत जीटीटीच, कारण तुझा दोष दोन तासांच्याच आकड्यात दिसतोय. तेव्हा रक्त भरून आलेलं असेल तर सोबत एचबीए१सीही करू, मग तो वाचता येईल.

रानजाई
आणि गोळी? मेटफॉर्मिन वगैरे?

गवतीचहा
यावर मी ठामपणे बोलणार नाही. अमेरिकेतल्या मोठ्या प्रतिबंध-अभ्यासात, पूर्वी जीडीएम झालेल्या आणि मधल्या पट्ट्यात असलेल्या स्त्रियांमध्ये, तीनेक वर्षांत मेटफॉर्मिनने डायबेटिस होण्याचं प्रमाण सुमारे निम्म्यावर आणलं. खाणं-व्यायाम-वजन यांनीही जवळपास तेवढंच. पण त्या बायकांच्या बाळंतपणाला सरासरी बारा वर्षं होऊन गेलेली होती. आठ आठवड्यांच्या बाळंतिणीला तोच निष्कर्ष जसाच्या तसा लावायचा का, यावर आम्हा डॉक्टरांचंही एकमत नाही. दूध पाजताना ही गोळी चालते, अडचण ती नाही. मी स्वतः तुझ्यासारखीला लगेच सुरू करत नाही, सहा महिने बघते. माझा इथलाच एक मित्र करतो. पुण्यातल्या तुझ्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवून ठरव.

स्तनपान मात्र जितकं जमेल तितकं चालू ठेव. पाजणाऱ्या बायकांत पुढे डायबेटिस कमी आढळतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय.

लेस्टरची_माई
म्हणजे माझ्या पहिल्या वर्षी दोन तासांचा आकडा काय असता, ते मला कधीच कळणार नाही. असो. यंदाचा एचबीए१सी ५.७ टक्क्यांच्या आसपास आलाय, इथे वेगळ्या एककात देतात. जीपी म्हणाले ठीक आहे, पुढच्या वर्षी या.

गवतीचहा
माई, अमेरिकेच्या रेघेने ५.७ ला डायबेटिसपूर्व अवस्था सुरू होते, तुमच्याकडे साधारण ६ पासून मानतात. दोन्हीकडचे लोक शहाणे आहेत, रेघा वेगळ्या आहेत. मागच्या पाच वर्षांचे आकडे एकाखाली एक लिहून काढा. ५.३, ५.४, ५.५ असे चढत आले असतील तर जीपींना तो कागद दाखवा. एकट्या आकड्यापेक्षा चढ जास्त बोलतो.

रानजाई
आई वाचतेय माझ्या खांद्यावरून. विचारतेय, डिंकाच्या लाडवांचं काय? दोन डबे भरलेत. एकात अळिवाचे.

मीठभाकर
काकू, एक डबा शेजारी द्या. :) मी दुसऱ्या वेळी गूळ निम्मा करून, डिंक-खारीक-खोबरं तेवढंच ठेवून वळले होते. छोटे, लिंबाएवढे. दिवसाला एक, तोही जेवणाबरोबर.

सदाशिव_पेठकर
गुळाने शुगर वाढत नाही. सेंद्रिय असेल तर.

गवतीचहा
वाढते, काका. सेंद्रियसुद्धा.

सिरिंजवाला
दर गुरुवारी एक गृहस्थ येतात, सेंद्रिय गुळाचा चहा पिऊन. २६०.

कट्टेकरी
सौंचा रिपोर्ट आला. उपाशीपोटी ११८, एचबीए१सी ६.३, हिमोग्लोबिन १२.४. ती म्हणतेय, सात वर्षांत कुणीतरी एकदा विचारायला हवं होतं. मी पण त्या "कुणीतरी"त येतो. सोमवारी डॉक्टरांकडे जातोय. जीटीटी करायला सांगतील का?

गवतीचहा
सांगू शकतील. दोन्ही आकडे मधल्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला आहेत, डायबेटिसची रेघ ६.५ ची. जीटीटीत कधी कधी अशी बाई रेघेपलीकडे निघते. निघाली, तरी एका दिवसाच्या एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्यांदा खात्री करतात. जाताना गरोदरपणातली फाइल न्या, सापडली तर.

कट्टेकरी
माळ्यावर आहे. आज काढतो.

रानजाई
शेवटचा प्रश्न. दर वर्षीचं लक्षात राहावं म्हणून मी लेकीच्या वाढदिवसालाच तपासणी करायची असं ठरवलंय. मोबाइलमध्ये पुढच्या दहा वर्षांची आठवण लावून ठेवली.

सिरिंजवाला
ताई, वाढदिवसाच्या आठवडाभर आधीची लावा. त्या दिवशी उपाशी कोण येतंय? आणि आलात तरी घरून सारखे फोन येत राहतील, केक कापायचा थांबलाय म्हणून.

रानजाई
बदलली. आठ दिवस आधी, सकाळी साडेसात.